मदत हवी आहे: शाडूच्या गणपतीचं बुकिंग – उंची आणि नेण्याची तारीख कशी लिहावी?

कुंभारगल्ली_भाची:
नमस्कार मंडळी. माझे मामा कोल्हापूरच्या बापट कॅम्पात शाडूचे गणपती करतात. आजवर सगळं तोंडी चालायचं. यंदा आगाऊ बुकिंगचा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरवायचा आहे आणि लिहायचं काम माझ्याकडे आलंय. कच्चा मजकूर असा:

"शाडू मातीच्या गणेशमूर्ती. ८ इंच १,१०० रु., १२ इंच १,९०० रु., १५ इंच ३,२०० रु. नैसर्गिक रंग. बुकिंगवेळी निम्मी रक्कम. मूर्ती ५ सप्टेंबरपासून न्याव्यात."

चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. लोकांना मूर्ती आठ-दहा दिवस आधी हवी असते, पण मामा म्हणतात १५ इंची ५ तारखेला द्यायची नाही. मग तारीख काय लिहू? आणि उंची पाटासकट लिहायची की पाट सोडून?

पंचगंगाकाठ:
सरळ सगळ्यांना १२ तारीख द्या. शाडू वाळायला वेळ लागतो. उशीर होतोय वाटलं तर हॅलोजन लावायचा, दोन दिवसांत खडखडीत.

जुना_मूर्तिकार:
शाडूला वेळ लागतो हे खरं, पण हॅलोजन नको. वरचा थर आधी सुकून आवळतो, आत ओल तशीच राहते, आणि मानेला नाहीतर सोंडेच्या वळणाला चीर पडते. शाडू सावलीत, वाऱ्यावरच वाळवावा.

ताई, मामांचं बरोबर आहे. ८ इंची मूर्त्या जूनपासून साच्यातून निघतात, त्या सप्टेंबरपर्यंत कोरड्या असतात. त्या ५ तारखेला खुशाल द्या. १५ इंचीचा हिशोब वेगळा. बुकिंग जुलैअखेर बंद केलं तर शेवटच्या मूर्त्या ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात दाबून होतील. आपल्याकडच्या पावसात बैठकीला वाळायला तीन आठवडे धरा, म्हणजे सप्टेंबर उजाडला. मग पॉलिश पेपर, पांढरा हात, रंग, आणि शेवटी डोळ्यांची आखणी. १० तारखेच्या आत नीट होत नाही. १५ इंचीला १२ आणि १३ लिहा, शनिवार-रविवारच आहे.

वाळली का ते वरून कळत नाही. मूर्ती आडवी धरून बैठकीच्या खालच्या बाजूला हाताची पालथी बाजू लावा. गार लागली तर आत पाणी आहे. अशीवर रंग दिला की आठवड्यात काळपट डाग वर येतात, मग गिऱ्हाईक म्हणतं रंग खराब होता.

मखरवाली_काकू:
उंचीचं नक्की लिही गं. मी १२ इंची सांगितली होती. मूर्ती बरोबर १२ होती, पण प्रभावळ आणि पाट धरून १५ झाली. मखराची कमान ऐन हरतालिकेच्या रात्री कापावी लागली.

जुना_मूर्तिकार:
काकूंचा मुद्दा महत्त्वाचा. "पाटाच्या तळापासून मुकुटाच्या किंवा प्रभावळीच्या टोकापर्यंत, जे उंच असेल ते" असं लिहा. रुंदीही द्या, मखराला तीच नडते. वजनही लिहा. शाडू जड असतो, पीओपीची सवय असलेला माणूस एका हातानं उचलायला जातो आणि मूर्तीचा हात निखळतो.

दुसरं, "नैसर्गिक रंग" का लिहिलंय? मामा हळद-गेरू वापरतात का?

कुंभारगल्ली_भाची:
नाही, पाण्यातले पोस्टर कलर. मुकुटाला तेवढा सोनेरी ऑइलचा.

जुना_मूर्तिकार:
मग "पाण्यात मिसळणारे रंग" लिहा, आणि सोनेरी पाण्यातलाच घ्या. ऑइलचा सोनेरी विरघळत नाही. माती तळाला बसते आणि मुकुटाचे पापुद्रे बादलीत तरंगत राहतात.

तालीम_कार्यकर्ता:
आमच्या तालमीला ५ फुटी पाहिजे, शाडूचीच. मामा करतील काय वो? रेट सांगा.

कुंभारगल्ली_भाची:
दादा, मामा फक्त घरगुती करतात, १५ इंचांपर्यंतच.

सगळ्यांचे आभार. मजकूर बदलला: "८ आणि १२ इंची ५ सप्टेंबरपासून, १५ इंची १२ व १३ सप्टेंबरला. १५ इंचीचं बुकिंग ३१ जुलैपर्यंत. उंची पाटासकट."

जुना_मूर्तिकार:
१२ इंची ५ ला द्यायची तर तिचंही बुकिंग मध्य जुलैला थांबवा. आणि एक ओळ वाढवा: लवकर नेलेली मूर्ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नये, घाम धरते. सुती कापड पुरे.

मखरवाली_काकू:
सुतक आलं तर निम्मे पैसे परत देणार का? तेही लिही.

पंचगंगाकाठ:
परत कशाला? त्याच्या नावानं केलेली मूर्ती नंतर कोण घेणार?

जुना_मूर्तिकार:
आम्ही सुतकाचे पैसे कधी ठेवले नाहीत. पण आम्ही आगाऊही घेत नव्हतो, त्यामुळे ताई, हे मामांनाच ठरवू द्या.

कुंभारगल्ली_भाची:
मामा म्हणतात परत द्यायचे, मामी म्हणते पुढच्या वर्षीला धरायचे. ठरलं की इथं लिहिते. कुणाकडे याची रीत काय आहे, सांगाल का?