प्रतिसाद: ‘ग्रूम’ कुठून आला?

> “लाखो लोक ‘फॉर ऑल इंटेन्सिव्ह पर्पजेस’ लिहितात, मग ते चूक कसं?”

आधी ते कानाला कसं ऐकू येतं ते बघा. मूळ शब्द ‘इंटेंट्स अँड पर्पजेस’, अर्थ ‘व्यवहारात पाहिलं तर’. भरभर बोलताना ‘अँड’मधला ‘ड’ गळतो, आणि पुढे ‘प’ असल्यामुळे उरलेला ‘न’ ओठ मिटून ‘म’सारखा होतो. तिथे ‘इंटेन्सिव्ह’ ऐकू येणं अगदी स्वाभाविक आहे. शिवाय ‘इंटेंट्स’ हे अनेकवचन कायद्याच्या जुन्या भाषेतलं, रोजच्या बोलण्यात फारसं नाही. ‘इंटेन्सिव्ह’ मात्र ओळखीचा. बोलताना समोरच्याला फरक कळत नाही, म्हणून कुणी टोकतही नाही. चूक उघडी पडते ती लिहिल्यावरच.

अशा शब्दांना ‘एगकॉर्न’ म्हणतात. कुणीतरी ‘एकॉर्न’ (ओकचं फळ) ऐवजी ‘एग कॉर्न’ असं लिहिलं होतं, त्यावरून भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी २००३ मध्ये हे नाव सुचवलं. फळ अंड्याच्या आकाराचं, त्यामुळे चुकीलाही अर्थ आहे. मला हे अडाणीपण वाटत नाही. ऐकणाऱ्याने अर्थ लावलेला असतो.

पण निव्वळ संख्येवर चूक की बरोबर हे ठरत नाही. ‘ब्राइडग्रूम’ घ्या. जुन्या इंग्रजीत तो ‘ब्रिडगुमा’ होता, ‘गुमा’ म्हणजे पुरुष. ‘गुमा’ वापरातून गेला, लोकांना तो कळेना, आणि सोळाव्या शतकात त्या जागी ‘ग्रूम’ बसला. आज त्याला कुणी चूक म्हणत नाही, कारण परतायला मूळ रूपच उरलेलं नाही. ‘इंटेंट्स अँड पर्पजेस’ मात्र अजून छापलं जातं, वाचणाऱ्याला समजतं. ते जिवंत असेपर्यंत मी तरी ‘इंटेन्सिव्ह’ खोडणारच.