नंबर एकच म्हणजे माणूस एकच? मोतीबिंदू शिबिराच्या यादीतली दुबार नावं

शिबिर कार्यकर्ता
सहा गावांतून मोतीबिंदू तपासणीच्या नावनोंदणीचे कागद आले, तेही व्हॉट्सॲपवर फोटो काढून. त्यातून मजकूर काढून एकच यादी केली. दोनशेच्या वर ओळी झाल्या, पण बरीच माणसं दोनदा आहेत. कुणी मराठीत, कुणी इंग्रजीत, कुठे आडनाव आधी. नंबराला कुठे शून्य, कुठे +91. माझं मत साधं आहे: नंबर जुळला की माणूस एकच समजायचा. गाडीत जागा मोजक्या आहेत, आकडा खरा हवा. कुणाला वेगळं वाटतं का?

एक्सेलवाला
बरोबर आहे तुमचं. नाव दहा प्रकारे लिहितात, नंबर एकाच प्रकारे. फक्त शेवटचे दहा आकडे घ्या, म्हणजे शून्य आणि +91 आपोआप गळतात. पुढून 91 कापायला जाऊ नका, 91 नेच सुरू होणारे मोबाईल नंबरही असतात. नंबर D मध्ये धरून, शीट्समध्ये:

```
=RIGHT(REGEXREPLACE(TO_TEXT(D2),"[^0-9]",""),10)
```

मग या रकान्यावर दुबार ओळी काढून टाका. पाच मिनिटांचं काम.

जुना नोंदणी कारकून
सूत्र चालेल, पण चालवल्यावर आधी रिकामे खण किती आले ते बघा. गावाकडच्या कागदावर अर्धे नंबर देवनागरी आकड्यांत असतात. हे सूत्र ०-९ ला आकडा मानतच नाही, सगळे पुसून टाकतं. मग मराठीत नंबर लिहिलेल्या सगळ्यांचा जुळवणीचा खण रिकामा होतो, आणि रिकामं रिकाम्याशी जुळतं. 'दुबार काढा' म्हटलं की त्यांतला एकच माणूस उरेल, बाकीचे बिनबोभाट जातील. आधी देवनागरी आकडे बदलून घ्या, आणि दहा आकडे न भरणाऱ्या ओळी जुळवणीतून बाहेर ठेवा.

एका खणात दोन नंबर असतील, तर हे सूत्र नेहमी दुसराच घेतं, तेही लक्षात असू द्या.

आशाताई (तालुक्यातलीच)
माझं ऐका. आमच्या गावच्या कागदावर निम्म्या म्हाताऱ्यांच्या नावापुढे माझा नंबर आहे. त्यांच्याकडे फोन नाही, मुलगा पुण्याला, मग निरोप द्यायला मीच. तुमच्या हिशेबाने त्या सगळ्या आज्या म्हणजे मी एकटी! शिवाय मी खाली खाली दोन रेघा मारल्यात, 'वरीलप्रमाणे' म्हणून. ते फोटोतून कसं आलं तेही बघा.

चेतन
एवढं कशाला? फोनमध्ये कॉन्टॅक्ट्स उघडा, दुबार कॉन्टॅक्ट एकत्र करायची सोय त्यातच असते. माझे चारशे एका झटक्यात झाले.

एक्सेलवाला
चेतन, ते तुमच्या फोनबुकाचं झालं, तिथे नावं तुम्हीच लिहिलेली असतात. इथे दहा जणांची अक्षरं आहेत.
आशाताईंचा मुद्दा मान्य. मग नंबर अधिक नाव, दोन्ही जुळलं तर एकच. आता तरी ठीक?

जुना नोंदणी कारकून
जवळ आलात, पण दोन्ही बाजूंनी चुकतं. मी पाहिलेल्या एका यादीतलं उदाहरण देतो, नावं बदलून.

सुमन बाबुराव गायकवाड, ६४, नंबराचा शेवट 4417.
Gaykwad Suman B, ६५, शेवट 4477, बाकी आकडे तेच.
सुमन बाळासाहेब गायकवाड, ६१, शेवट 4417.

नाव अक्षरशः जुळवलं तर तिन्ही वेगळ्या. अंदाजे जुळवलं तर पहिली आणि तिसरी नंबराने चिकटतात, दुसरी 'सुमन बी' म्हणून दोघींशी चिकटते, आणि तिन्हींची एकच बाई होते. प्रत्यक्षात पहिली आणि तिसरी सख्ख्या जावा, घरात फोन एक. तपासायचं होतं ते एवढंच, की दुसरी ओळ त्यांपैकी कुणाची.

फोटो मोठा करून पाहिला तर तो 7 म्हणजे डोक्यावर रेघ दिलेला 1 होता. मोबाईल नंबरात चूक पकडणारा आकडा नसतो, आधारच्या शेवटी असतो तसा. एक आकडा चुकला तरी नंबर खराच दिसतो. म्हणून नाव आणि गाव जुळून नंबरात एकच आकडा वेगळा असेल, तर ती जोडी 'वेगळी' म्हणून सोडू नका, फोटोकडे परत जा. 1 आणि 7, 4 आणि 9, १ आणि ९ ही नेहमीची ठिकाणं. देवनागरी ४ चा इंग्रजी 8 वाचला जातो, तेही.

वयावर फार जाऊ नका. 'साठ-पासष्ट असेल' असं सांगून लिहिलेलं वय दोन कागदांवर पाच वर्षांनी हलतं.

शब्दवेल्हाळ
नावांसाठी मी सगळं एका लिपीत आणून स्वर आणि य काढून टाकते, w आणि v एक धरते. Gaikwad, Gaykwad, गायकवाड सगळे g-k-v-d होतात. 'बाई', 'राव', 'सौ.' आधी काढायचं. शब्दांचा क्रम विसरायचा, म्हणजे आडनाव पुढे-मागे असलं तरी चालतं.

जुना नोंदणी कारकून
जोड्या शोधायला उत्तम, ठरवायला नाही. तुमच्या रीतीने सुमन आणि उस्मान दोन्ही s-m-n होतात. आणि 'राव' शेवटी जोडलेला असेल तरच काढा, नाहीतर राव आडनावाचा माणूस आडनावाविना राहतो.

पारावरचा
मी सगळ्यांच्या विरोधात. एकत्र करूच नका! दुबार राहिलं तर एका आजीला दोन फोन जातील, फार तर ती चिडेल. चुकून एकत्र झालं तर एका आजीला फोनच जाणार नाही, आणि तिचा मोतीबिंदू पिकत राहील. या दोन चुका सारख्या नाहीत.

शिबिर कार्यकर्ता
पटतं, पण गाडी? मागच्या वेळी फुगलेल्या यादीवर दोन गाड्या ठरवल्या, एक निम्मी रिकामी गेली. पैसे वर्गणीचे होते.

जुना नोंदणी कारकून
ओळी काढूच नका, प्रत्येक ओळीला 'व्यक्ती क्रमांक' द्या. सुमनताईंच्या दोन ओळींना एकच क्रमांक, जावेला दुसरा. गाडीसाठी क्रमांक मोजा, ओळी नाहीत. कुणी उद्या 'मी ती नव्हे' म्हणालं तर क्रमांक बदलला की झालं. शेजारी फोटो कुठला आणि ओळ कितवी हेही लिहा. एकाच कागदाचे वरचा आणि खालचा असे दोन फोटो असले, तर मधल्या ओळी दोन्हींत येतात, ती दुबार नोंद नव्हेच.

आणखी एक: एका कागदावर 'उजवा डोळा', दुसऱ्यावर 'डावा' असेल, तर माणूस एक पण दोन्ही नोंदी डॉक्टरांना हव्यात. ओळ पुसली की एक डोळा गेला.

पारावरचा
हे चालेल. पण 'बहुतेक एकच' अशा जोड्या कोण ठरवणार? संगणकाने ठरवलं तर माझा विरोध कायम.

आशाताई (तालुक्यातलीच)
माझ्या गावच्या माझ्याकडे पाठवा, वाचूनच सांगेन. बाकीच्या पाच गावांचं मला माहीत नाही. आणि हो, सहा गावांची सगळी यादी सगळ्यांना फिरवू नका, नंबर आहेत त्यात.

एक्सेलवाला
पाच गावांत दहा-वीस जोड्या निघतील. फोन करून 'तुमच्या घरी सुमन गायकवाड किती?' विचारणं यापेक्षा सोपं काही मला सुचत नाही.

शिबिर कार्यकर्ता
आत्ता नंबर लिहिलेला असूनही रिकामे आलेले खण मोजले. एकोणतीस निघाले, सगळे देवनागरी आकड्यांचे. आधी ते करतो. व्यक्ती क्रमांकाचा रकाना घातला आहे. एका गावच्या कागदावर मात्र नंबरच नाहीत, नुसती नावं आणि वय. त्यांचं काय करायचं ते अजून कळत नाही.