मदत हवी आहे: भूप संध्याकाळचा आणि देसकार सकाळचा, हे नेमकं कशावरून?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत राहतो, चार वर्षांपासून गाणं शिकतोय. भूप आणि देसकार, दोन्हींत स्वर तेच: सा रे ग प ध, सगळे शुद्ध. तरी भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरात गायचा आणि देसकार सकाळी. स्वरांतच वेळ असती, तर असं कसं झालं असतं?

गुरुजी म्हणतात, फरक चलनात आहे. भूपात 'ग रे सा ध, सा रे ग' असं खाली रमायचं, वादी गंधार. देसकारात थेट धैवतावर उभं राहून 'ध, प, ग प' म्हणायचं, वादी धैवत. भातखंड्यांचा नियमही हाच: वादी पूर्वांगात असेल तर दुपारी बारा ते रात्री बारा, उत्तरांगात असेल तर त्यानंतर.

गेल्या रविवारी मिरजेच्या तानपुऱ्यावर पहाटे दोन्ही गाऊन पाहिले. धैवतावर आवाज उघडा, टवटवीत वाटला खरा. पण मला आधीच माहीत होतं ना, हा सकाळचा राग! शेजारच्या काकूंना न सांगता ऐकवलं, तर त्यांना भूपच सकाळचा वाटला. लहानपणापासून कानावर पडलेल्या भूपाळ्यांमुळे असेल. कर्नाटक संगीतात तर याच स्वरांचा मोहनम् कोणत्याही वेळी गातात.

रागांचा कान नसलेल्या माणसांना कुणी असं ऐकवून पाहिलंय का? वरच्या स्वरांवरचा मुक्काम त्यांनाही सकाळचा वाटतो का? मल्हार आणि पावसाबद्दलही अनुभव असेल तर जरूर लिहा.