चिकन पाण्यात सोडवताना

> चिकन दगड झालंय, पाहुणे संध्याकाळी येणार. पाण्यात ठेवलं तर चालेल?

चालेल, पण पिशवी घट्ट बंद हवी आणि पाणी गारच. फ्रिजमध्ये ठेवून सोडवणं सर्वांत सुरक्षित, मात्र त्याला जवळजवळ एक दिवस लागतो. गार पाण्यात अर्धा किलो तुकडे साधारण तासाभरात सुटतात. दर अर्ध्या तासाला पाणी बदलायचं.

आमच्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला चक्क कोमट येतं. त्यात आतला भाग गोठलेलाच राहतो आणि बाहेरच्या थरात जिवाणू वाढू लागतात. म्हणून मी पातेल्यात बर्फ टाकते. सुटलं की लगेच शिजवा. मायक्रोवेव्हचंही तेच, कारण त्यात कडा अर्धवट शिजतात.