प्रतिसाद: बिल्डरसोबतच्या मीटिंगमध्ये कोणी काय करायचं

"रीडेव्हलपमेंटसाठी बिल्डरशी बोलायला आम्ही चौघं जाणार, कोणी बोलायचं आणि मध्येच थांबवायचं असेल तर इशारा कसा करायचा?"

आकडा एकाच्याच तोंडून जाऊ द्या, हे आधी घरीच ठरवा. आमच्या वेळी सेक्रेटरी 35 टक्के जादा कार्पेट एरिया मागत होते आणि शेजारचे काका पटकन बोलून गेले की 28 मिळाले तरी चालेल, झालं, त्यापुढे बिल्डर 28 च्या वर गेलाच नाही.

दुसऱ्या मीटिंगला मी नुसती लिहायला बसले. लिहिणाऱ्याने शब्द जसेच्या तसे टिपायचे, कारण "भाडं 24 महिने" आणि "भाडं ताबा मिळेपर्यंत" यात काम रखडलं तर लाखोंचा फरक पडतो. आणि इशारा पण लिहिणाऱ्याकडेच ठेवा. "एक मिनिट, एवढं वाचून दाखवते" असं मी म्हटलं की सेक्रेटरींनी बोलणं थांबवायचं, आणि "चहा घेऊया का" म्हटलं की बाहेर जाऊन आपसात बोलायचं. टेबलाखालून पाय मारणं, चिठ्ठी सरकवणं नको, समोरच्याला लगेच कळतं.

तिसऱ्याने फक्त बघायचं. आमच्या ताईंच्या लक्षात आलं की बँक गॅरंटीचा विषय निघाला की बिल्डर दर वेळी त्याच्या अकाउंटंटकडे बघतो, मग चहाच्या ब्रेकनंतर आम्ही तिथेच जोर लावला. बघणाऱ्याने मान मात्र डोलवायची नाही हं, त्याचा अर्थ होकार घेतला जातो. चौथ्याला कागद सांभाळायला द्या.