रिकामा रकाना म्हणजे गॅप नव्हे

>> साहित्य आढाव्यासाठी वाचलेल्या पेपरांचा तक्ता केलाय, त्यात एका थीमखालचे बहुतेक रकाने रिकामे राहिलेत. हीच माझी रिसर्च गॅप धरू का?

एवढ्यात नको. आधी प्रत्येक रिकाम्या रकान्यात तो का रिकामा आहे ते लिहा. मी तीन खुणा वापरते: 'लागू नाही', 'लेखकाने तपासलं नाही' आणि 'मी अजून वाचलं नाही'. यातली तिसरी खूण फार फसवी, कारण तेव्हा उणीव अभ्यासात नसून आपल्या वाचनात असते.

माझा विषय होता स्वतःची चाचणी घेत अभ्यास केल्याने लक्षात किती राहतं. ओळींत बावीस पेपर, स्तंभांत थीम, आणि 'आठवड्यानंतर काय उरलं' हा स्तंभ जवळपास कोरा. गॅप सापडली म्हणून मी प्रस्तावाचा मसुदाही लिहिला! मग लक्षात आलं, की मी सगळा शोध 'टेस्टिंग इफेक्ट' या एकाच शब्दाने घेतला होता आणि पहिल्या पानावरचेच पेपर उचलले होते. 'रिट्रीव्हल प्रॅक्टिस' आणि 'डिलेड टेस्ट' हे शब्द घातल्यावर तो स्तंभ भराभर भरला. मात्र त्यातले बरेच प्रयोग प्रयोगशाळेतले, छोटे उतारे किंवा शब्दांच्या जोड्या वापरून केलेले होते. म्हणून मी 'कुठे आणि कोणावर' असा स्तंभ वाढवला. तो आणि कालावधीचा स्तंभ शेजारी ठेवून वाचल्यावर खरी विरळ जागा दिसली: वर्गातला नेहमीचा पाठ आणि काही महिन्यांनंतरची चाचणी, दोन्ही एकत्र असलेल्या ओळी मोजक्याच होत्या. प्रस्तावात शेवटी तेवढाच दावा केला, आणि कोणते शब्द वापरून शोधलं तेही सोबत लिहिलं.