४ मिमी तार, एक सायकल: रिपीटर वाढवत गेलं की जमेल?

सिडकोची_इंजिनिअर: शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे. चिपवर ४ मिमी लांब तार, क्लॉक ३ गिगाहर्ट्झ, सिग्नल वेळेत पोचत नाही. माझं मत, वाटेत सिग्नलला पुन्हा जोर देणारे रिपीटर वाढवत जायचं, कधीतरी पोचेलच. सर नाही म्हणतात. कोण चुकतंय?

सातपूरकर: तुम्ही. मधल्या थरातली तार मिमीला १००० ओहम आणि ०.२ पिकोफॅरड धरा. लांबी वाढली की रेझिस्टन्सही वाढतो आणि भरायचा कपॅसिटन्सही, म्हणून उशीर लांबीच्या वर्गाने चढतो. १ मिमीला ७६ पिकोसेकंद, सलग ४ मिमीला १२१६. क्लॉकची एक सायकल आहे ३३३ची.

तुकडे केले की हा वर्ग मोडतो, पण प्रत्येक रिपीटर स्वतःचे, समजा, २५ खातो. १ मिमीचे तुकडे पाडले तर मिमीला १०१ पडतात. अर्ध्या मिमीचे पाडले तर ८८. पाव मिमीवर गेलात की तारेचे जेमतेम १९ उरतात, पण रिपीटरचेच १०० होतात. म्हणजे ११९, उलटा प्रवास! दोन्ही टोकांना क्लॉकवर सिग्नल धरून ठेवणाऱ्या फ्लॉपचे, समजा, ५० वजा केले तर हाती २८३. तीन मिमी जाल, चार नाही.

गोदाकाठ: शेवटी प्रकाशाच्या वेगापुढे कोण जाणार!

सातपूरकर: तो इथे आडवा येतच नाही हो. ऑक्साइडमधून प्रकाश ४ मिमी सुमारे २७ पिकोसेकंदांत जातो. आपण त्याच्या दहापट मागे रखडतोय.

दिंडोरीचा_द्राक्षवाला: आमच्या मळ्यात मोटर लांब, व्होल्टेज पडायचं. जाड केबल टाकली, काम झालं. तुम्हीही जाड टाका की.

गोदाकाठ: दादा, तुमच्याकडे सतत वाहणाऱ्या करंटने व्होल्टेज पडतं. इथे तार दर वेळी भरायची-रिकामी करायची आहे.

सातपूरकर: तरी दादांना मोडीत काढू नका. रुंदी दुप्पट केली की रेझिस्टन्स निम्मा होतो, पण कपॅसिटन्स दुप्पट होत नाही. शेजारच्या तारांकडचा भाग जवळपास तसाच राहतो. वरच्या जाड थरात तार नेली तर ४ मिमी बसूही शकेल. अडचण अशी की तिथे पॉवर आणि क्लॉकने आधीच ठाण मांडलेलं असतं.

सिडकोची_इंजिनिअर: अजून एक सांगायचं राहिलं. वाटेत मेमरी ब्लॉक आहे. १.२ मिमी रिपीटर ठेवायला जागाच नाही.

सातपूरकर: मग तेवढ्या टप्प्यालाच १०९ आणि २५, म्हणजे १३४. त्याच्या पुढच्या रिपीटरच्या इनपुटला ट्रान्झिशन बघा, कड लोळलेली दिसेल. मी तर मधे फ्लॉप टाकून दोन सायकल घेतो.

गोदाकाठ: आणि दर वेळी एक सायकल जास्त मोजायची? त्यापेक्षा ब्लॉक हलवा, तारच छोटी करा.

सातपूरकर: ब्लॉक हलवला की दुसरी तार लांबते, साहेब.

सिडकोची_इंजिनिअर: दोन्ही करून बघते. सर उद्या नाहीत, तोवर कुणी वरच्या थराचा हिशेब सांगेल का?